दुखत नाही, पण ओढल्यासारखं वाटतं

सीझर चालू असताना टेबलावरची बाई जागी असते. चिरा दिलेला तिला दुखत नाही, पण बाळ काढताना आत कुणीतरी ओढतंय, दाबतंय हे तिला कळतं आणि ती घाबरते: भूल उतरली की काय? बहुतेकदा तसं नसतं.

तिच्या कमरेच्या दोन मणक्यांमधून बारीक सुईने जेमतेम 2 मिलीलिटर बुपिव्हाकेन आतल्या पाण्यात सोडलेलं असतं. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू त्या जागेच्या वरच संपतो, म्हणून सुई त्याला लागत नाही. औषधात साखर घालून ते जड केलेलं असतं. उताणं झोपवल्यावर ते उताराने छातीकडे सरकतं आणि वाटेतल्या नसांची मुळं भिजवतं. बारीक तंतू आधी बंद पडतात. त्यातले काही रक्तवाहिन्या आवळून धरणारे असल्याने रक्तदाब पडतो, मळमळतं. गारवा आणि वेदना जातात. स्पर्श आणि दाब नेणारे जाड तंतू मात्र उशिरा आणि कधी अर्धवटच दबतात. म्हणून भूलतज्ज्ञ स्पिरिटचा बोळा पोटावरून वर नेत विचारतात, "गार लागतंय का ताई?" स्तनाग्रांच्या उंचीपर्यंत गार लागेनासं झालं, की सर्जनना सुरू करायला सांगतात. हे आधीच समजावून सांगितलं तर टेबलावरची भीती बरीच कमी होईल, पण घाईत ते राहून जातं.

दाढ काढताना दिलेलं लिग्नोकेन याच घराण्यातलं. नसेतून संदेश जायला सोडियमचे कण आत शिरावे लागतात. औषध ती दारं आतल्या बाजूने बंद करतं. त्यासाठी आधी त्याला नसेच्या पापुद्र्यातून आत जावं लागतं, आणि तिथेच गोम आहे. दाढेखाली पू झाला असेल तर ती जागा आम्लधर्मी होते, औषधाचा बराचसा भाग विद्युतभारित होऊन बाहेरच अडकतो आणि इंजेक्शन देऊनही रुग्ण ओरडतो. मग डॉक्टर पुवापासून लांब, जबड्यात शिरणाऱ्या मूळ नसेपाशी सुई देतात, किंवा आधी पू काढून टाकतात.

पूर्ण भूल देताना मात्र नसांना कुणी हात लावत नाही. प्रोपोफॉल शिरेतून जातं आणि मेंदूतल्या पेशींना गप्प करणारी यंत्रणाच बळकट करतं. मिनिटभरात शुद्ध जाते. पण कापलेल्या जागेतून संदेश निघतच राहतात, मज्जारज्जूपर्यंत, त्याच्याही वर पोचतात. फक्त ते जाणवून घेणारं कुणी जागं नसतं. शरीर तरी उत्तर देतं: चिरा देताच नाडी धावते, रक्तदाब चढतो, डोळ्यांत पाणीही येतं. म्हणून झोपेच्या औषधासोबत फेंटॅनिलसारखं वेदनाशामक द्यावंच लागतं, आणि मॉनिटरवर नाडी अचानक वाढली की भूलतज्ज्ञ आधी पाहतात ते हेच, की त्याचा डोस कमी पडतोय का.