सही कुणाची, शिक्का कुणाचा

इचलकरंजीच्या एका व्यापाऱ्याने 4 एप्रिलला अहमदाबादच्या पार्टीला ग्रे कापडाच्या 12 गाठी पाठवल्या असं धरू. बिल 3 लाख 84 हजारांचं, भाडं 7,200 रुपये. दोन महिन्यांनी पैशासाठी फोन केला, तर पलीकडून उत्तर आलं, "शेठ, माल आलाच नाही." ट्रान्स्पोर्टवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "कधीच डिलिव्हर झालाय, सिस्टीमला बघा."

सिस्टीममध्ये 'डिलिव्हर्ड' दिसणं हा पुरावा नव्हे. ती नोंद ट्रान्स्पोर्टच्याच माणसाने केलेली असते, आणि कित्येकदा गाडी शाखेत रिकामी झाली की दिवसअखेरीस सगळ्या बिल्ट्यांवर एकदमच केलेली असते. मागायची असते ती माल घेणाऱ्याने सही केलेली बिल्टीची प्रत, म्हणजे पीओडी. फोनवर मागितली की 'उद्या पाठवतो' हे ठरलेलं उत्तर मिळतं. म्हणून बुकिंग ऑफिस आणि डिलिव्हरी देणारी शाखा, दोघांनाही एकाच ईमेलवर लिहावं. मजकूर साधा असावा: "बिल्टी क्रमांक अमुक, ता. 4 एप्रिल, 12 नग, आमचं बिल क्रमांक तमुक. पार्टी माल न मिळाल्याचं सांगते. सही-शिक्क्याच्या पीओडीचे दोन्ही बाजूंचे फोटो, डिलिव्हरी रजिस्टरमधली नोंद आणि शेवटच्या टप्प्यातल्या गाडीचा नंबर सात दिवसांत पाठवावा."

दोन्ही बाजू मुद्दाम मागायच्या. माल कमी आला किंवा भिजला, की घेणारा तो शेरा बऱ्याचदा मागच्या बाजूला लिहितो, आणि फोटो मात्र पुढच्या बाजूचा येतो.

आपल्या व्यापाऱ्याला चार दिवसांनी फोटो मिळाले. सही म्हणजे नुसतं वेटोळं. मात्र शिक्का स्पष्ट होता, आणि तो पार्टीच्या दुकानाचा नसून नारोलमधल्या एका प्रोसेस हाऊसचा होता. मागच्या बाजूला बॉलपेनने लिहिलं होतं, '10 नग मिळाले, 2 बाकी', खाली 9 एप्रिल ही तारीख. पार्टी खोटं बोलत नव्हती आणि ट्रान्स्पोर्टवालाही तसं बोलत नव्हता. माल रंगाईसाठी थेट प्रोसेस हाऊसला उतरला, वॉचमनने शिक्का मारला, आणि दुकानात कुणी कळवलंच नाही. कापडाच्या धंद्यात हे नेहमीचं आहे.

असा फोटो हाती आला की पार्टीला 'माल मिळाला का' असं मोघम विचारू नये. फोटो पाठवून नेमकं विचारावं: हा शिक्का कुणाचा, 9 एप्रिलला तिथे कोण होतं, तिथल्या इनवर्ड रजिस्टरला काय लिहिलंय? सोबत आणखी एक प्रश्न: या बिलावरचं जीएसटीचं क्रेडिट घेतलंय का? माल मिळाल्याशिवाय क्रेडिट घेता येत नाही, असा कायदा आहे. त्यामुळे क्रेडिट घेऊन 'माल आला नाही' म्हणणाऱ्याची अडचण होते. तरी हा पूरक पुरावा, सहीच्या जागी तो चालत नाही.

मग 10 गाठींचे पैसे पार्टीकडे मागायचे. उरलेल्या 2 गाठींचे, म्हणजे 64 हजार, कुणाचे गेले हे सौद्यावर ठरतं. 1930च्या मालविक्री कायद्यानुसार वाहतूकदाराच्या हाती माल दिला की साधारणपणे तो गिऱ्हाइकाला दिल्यासारखाच धरतात. 'माल पोचेपर्यंत जोखीम आमची' असं आपणच कबूल केलं असेल, तर मात्र तोटा आपला.

ट्रान्स्पोर्टवर दावा करायचा तर मुदत ध्यानात ठेवावी. 2007च्या रस्ते वाहतूक कायद्यानुसार माल बुक केल्या दिवसापासून 180 दिवसांत लेखी नोटीस पोचली पाहिजे. तक्रार कळल्यापासून नव्हे, बुकिंगपासून. इथे सप्टेंबरअखेर ती पोचलेली हवी. पीओडीची वाट पाहत हे दिवस संपवणारे पुष्कळ भेटतात. पीओडी आली नाही तरी नोटीस काढता येते, किंबहुना तेव्हा तर काढावीच.

भरपाईलाही मर्यादा आहे. बुकिंगच्या वेळी जास्त जोखमीचा दर भरलेला नसेल, तर नियमाप्रमाणे साधारणतः भाड्याच्या दहापटच मिळते. बाराही गाठी गेल्या असत्या, तर 3 लाख 84 हजारांपोटी 72 हजार. म्हणून बिल्टीवरचा 'माल मालकाच्या जोखमीवर' हा शिक्का बघून विमा उतरवलेला बरा.

विमा असेल तर ट्रान्स्पोर्टच्या शाखेकडून 2 नग कमी असल्याचं शॉर्टेज सर्टिफिकेट घ्यावं आणि नोटिशीच्या प्रतीसह विमा कंपनीला द्यावं. ट्रान्स्पोर्टवाला 'भाडं सोडतो, विषय संपवा' म्हणून कागद पुढे करेल. विमा कंपनीला विचारल्याशिवाय त्यावर सही करू नये; ट्रान्स्पोर्टकडून वसुली करण्याचा तिचा हक्क त्या सहीने बुडतो आणि ती दावा नाकारू शकते.