पाच गुण कोणत्या ओळीत असतात?

सीबीएसईच्या दहावीच्या गणितात ८० गुणांची लेखी परीक्षा असते आणि तिच्यात पाच गुणांचे चार प्रश्न असतात. परीक्षकाच्या हातातली उत्तरसूची अशा प्रश्नाचे गुण एका शेवटच्या उत्तराला देत नाही. ती उत्तराचे टप्पे पाडते आणि एकेका टप्प्यासमोर अर्धा किंवा एक गुण लिहिते. त्यामुळे दोन मुलांचे शेवटचे उत्तर सारखे असूनही एकाला पाच आणि दुसऱ्याला तीन गुण मिळू शकतात. हे कसे घडते, ते बहुपदीच्या एका प्रश्नावरून पाहू.

प्रश्न असा: 6x² − 3 − 7x या बहुपदीची शून्ये काढा आणि शून्ये व सहगुणक यांतील संबंध पडताळून पाहा. ही शून्ये α आणि β असतील, तर 1/α आणि 1/β ही शून्ये असलेली वर्गबहुपदी तयार करा.

यातली बहुपदी एनसीईआरटीच्या पुस्तकातली आहे आणि पदांचा क्रम तिथेही असाच विस्कटलेला आहे. म्हणून पहिल्या ओळीला गुण नसला तरी ती लिहायचीच:

p(x) = 6x² − 7x − 3; a = 6, b = −7, c = −3

ही ओळ गाळणारी मुले घाईत b = −3 आणि c = −7 धरतात. मग अवयव पाडून शून्ये बरोबर निघाली तरी पडताळा जुळत नाही आणि चूक नेमकी कुठे आहे तेही सापडत नाही.

आता शून्ये काढू.

6x² − 9x + 2x − 3 (अर्धा गुण)
= 3x(2x − 3) + 1(2x − 3)
= (3x + 1)(2x − 3) (अर्धा गुण)
p(x) = 0 घेतल्यास 3x + 1 = 0 किंवा 2x − 3 = 0
∴ α = −1/3, β = 3/2 (प्रत्येकी अर्धा गुण)

इथे दोन गुण झाले. मधल्या पदाची फोड कच्च्या कामात करून उत्तरपत्रिकेवर थेट अवयव लिहिले, तर अवयव बरोबर असेपर्यंत सहसा अडत नाही. पण अवयवांत चिन्ह चुकले आणि फोड लिहिलेली नसली, तर फोडीचा अर्धा गुण देण्यासारखे कागदावर काहीच उरत नाही. अवयव पाडण्याऐवजी सूत्र वापरले तरी चालते: b² − 4ac = 49 + 72 = 121, म्हणून x = (7 ± 11)/12. अमुक एका रीतीनेच सोडवा असे प्रश्नात म्हटले नसेल, तर उत्तरसूचीत नसलेल्या पण बरोबर असलेल्या रीतीलाही गुण द्यावेत, अशी परीक्षकांना सूचना असते.

पुढचा टप्पा पडताळ्याचा. सर्वांत जास्त गुण वाया जातात ते इथेच.

शून्यांची बेरीज = −1/3 + 3/2 = (−2 + 9)/6 = 7/6
−b/a = −(−7)/6 = 7/6 (अर्धा गुण)
शून्यांचा गुणाकार = (−1/3) × (3/2) = −1/2
c/a = −3/6 = −1/2 (अर्धा गुण)

बरीच मुले इथे ‘α + β = −b/a = 7/6, संबंध पडताळला’ एवढेच लिहितात. यात सूत्र आहे, पडताळा नाही. पडताळायचे म्हणजे दोन किमती दोन वेगळ्या वाटांनी काढायच्या: एक मिळालेल्या शून्यांवरून, दुसरी प्रश्नातल्या सहगुणकांवरून. दोन्ही स्वतंत्रपणे काढून त्या सारख्या आल्याचे दिसले, तरच तो अर्धा गुण पक्का होतो.

याच टप्प्यावर स्वतःची चूक पकडताही येते. समजा, अवयव (3x − 1)(2x + 3) असे लिहिले गेले. मग शून्ये 1/3 आणि −3/2 येतात. त्यांचा गुणाकार −1/2 च येतो, म्हणून तेवढ्यावर सगळे ठीक वाटते. बेरीज मात्र −7/6 येते आणि −b/a तर 7/6 आहे. चूक समोर आली, की मागे जाऊन अवयवांचा गुणाकार करून पाहायचा. मधले पद −7x ऐवजी +7x येते हे लगेच कळते. काही मुले मात्र मागे न जाता −b/a मधले उणे चिन्ह गाळून दोन्ही बाजू जुळवून टाकतात. तसे केले, की एका चुकीच्या दोन चुका होतात. सीबीएसईच्या सूचनांनुसार एका चुकीचे गुण एकदाच कापायचे असतात. तिच्यामुळे पुढे जे बिघडते त्याचे पुन्हा कापायचे नसतात. पण जुळवाजुळव ही आधीच्या चुकीतून आपोआप आलेली नसते, ती नवी चूक असते.

आता प्रश्नाचा दुसरा भाग, दोन गुणांचा.

नव्या शून्यांची बेरीज = 1/α + 1/β = (α + β)/αβ = (7/6) ÷ (−1/2) = −7/3 (अर्धा गुण)
नव्या शून्यांचा गुणाकार = 1/αβ = −2 (अर्धा गुण)
बहुपदी = k[x² − (बेरीज)x + गुणाकार] = k[x² + (7/3)x − 2] (अर्धा गुण)
k = 3 घेतल्यास 3x² + 7x − 6 (अर्धा गुण)

या भागाला α आणि β या प्रत्यक्ष किमतींची गरजच पडत नाही. α + β म्हणजे −b/a आणि αβ म्हणजे c/a. दोन्ही प्रश्नातूनच मिळतात. त्यामुळे अवयव सापडले नाहीत, तरी हे दोन गुण पूर्ण मिळवता येतात. पहिला भाग अडला म्हणून अख्खा प्रश्न सोडून देणारा विद्यार्थी हेच दोन गुण गमावतो.

शेवटच्या दोन ओळींत दोन ठिकाणी पाय घसरतो. एक म्हणजे साच्यात बेरजेच्या आधी असलेले उणे चिन्ह. बेरीज स्वतःच −7/3 असल्याने मधले पद धन होते. ते विसरले तर 3x² − 7x − 6 असे उत्तर येते. दुसरे म्हणजे k. तो न लिहिता कंसाला एकदम 3 ने गुणले, तर x² + (7/3)x − 2 आणि 3x² + 7x − 6 या दोन बहुपदी समान आहेत असे लिहिल्यासारखे होते, आणि ते खरे नाही. त्यांची शून्ये तेवढी समान आहेत. उत्तर म्हणून मागितली आहे बहुपदी, तेव्हा तिच्यापुढे ‘= 0’ लिहून तिचे समीकरण करायचे नाही.

वरचे वाटप अशा प्रश्नांना साधारणपणे मिळणाऱ्या गुणांच्या धर्तीवर केलेले आहे. एखाद्या वर्षीच्या उत्तरसूचीत अर्धा गुण एका ओळीवरून शेजारच्या ओळीवर सरकू शकतो. म्हणून कोणत्या ओळीला किती गुण हे पाठ करण्यापेक्षा सराव करताना प्रत्येक ओळीला एक प्रश्न विचारावा: ही आधीच्या ओळीवरून कशी आली, ते कागदावर दिसते का? त्यानंतर आपल्या शून्यांची एक किंमत मूळ बहुपदीत घालून पाहावी. इथे x = 3/2 घातल्यास 27/2 − 21/2 − 3 = 0 येते. नव्या बहुपदीत −1/3 चा व्यस्त, म्हणजे −3 घातल्यास 27 − 21 − 6 = 0 येते. या दोन ओळी कच्च्या कामात केल्या तरी पुरे. दोन्हीकडे शून्य आले नाही, तर पेपर देण्याआधी कोणत्या भागाकडे परत जायचे ते त्यांवरून ठरते.