अडीचशे वॅट, पण कोणत्या व्होल्टेजला?

एमजे-१५००३ हा ऑडिओ अॅम्प्लिफायरमध्ये वर्षानुवर्षे वापरला जाणारा पॉवर ट्रान्झिस्टर आहे. त्याच्या डेटाशीटवर तीन आकडे ठळकपणे दिसतात: १४० व्होल्ट, २० अॅम्पिअर आणि २५० वॅट. पहिल्या दोघांचा गुणाकार २,८०० वॅट होतो, त्यामुळे कमाल व्होल्टेज आणि कमाल करंट एकाच वेळी मिळणार नाहीत हे उघडच आहे. दोन्हींचा गुणाकार २५० वॅटच्या आत ठेवला की झाले, असे मात्र पुष्कळांना वाटते. ५० व्होल्टला ५ अॅम्पिअरपर्यंत ते खरेही आहे. १०० व्होल्टला याच हिशेबाने अडीच अॅम्पिअर चालायला हवेत, पण डेटाशीट एका सेकंदापुरताही फक्त १ अॅम्पिअर देते. म्हणजे अडीचशे वॅटचा ट्रान्झिस्टर तिथे शंभर वॅटचाच उरतो.

ही मर्यादा दाखवणाऱ्या आलेखाला सुरक्षित कार्यक्षेत्राचा, म्हणजे एसओएचा आलेख म्हणतात. आडव्या अक्षावर कलेक्टर व एमिटर यांच्यामधले व्होल्टेज असते, उभ्या अक्षावर कलेक्टरचा करंट, आणि दोन्ही मापपट्ट्या लॉगरिदमिक असतात. क्षेत्राची वरची सीमा कमाल करंटची, उजवीकडची कमाल व्होल्टेजची. मधला पहिला उतार ठरावीक वॅटचा असतो. चिपचे तापमान २०० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ नये, एवढीच त्याची अट. त्यानंतर रेषा एकाएकी अधिक तीव्रपणे खाली वळते. या वळणाचे कारण ‘सेकंड ब्रेकडाउन’ आहे.

वॅटचा आकडा चिपभर उष्णता सारखी पसरते असे धरून काढलेला असतो. प्रत्यक्षात चिपचा एखादा भाग बाकीच्यांपेक्षा किंचित गरम असतोच. सिलिकॉन तापले की तेवढाच करंट वाहायला बेस-एमिटर व्होल्टेज कमी लागते, दर अंशाला सुमारे दोन मिलिव्होल्टने. सगळ्या भागांना बेसचे व्होल्टेज जवळपास सारखेच मिळत असल्याने गरम भाग जास्त करंट ओढतो, त्याने आणखी तापतो आणि आणखी ओढतो. या चक्रात व्होल्टेजची भूमिका निर्णायक आहे. करंटमधल्या प्रत्येक वाढीला कलेक्टर-व्होल्टेजने गुणले की त्या जागेची जादा उष्णता मिळते. ५० व्होल्टला उष्णता आजूबाजूला पसरून चक्र सावरते. १०० व्होल्टला तीच वाढ दुप्पट तापवते, आणि करंट एका बिंदूत एकवटून चिप तिथेच वितळते.

असा ट्रान्झिस्टर मल्टिमीटरवर ओळखू येतो. कलेक्टर आणि एमिटर आरपार शॉर्ट दाखवतात, तर बेस-एमिटर जंक्शन कधीकधी धडधाकट वाटते. बाहेरचे धातूचे आवरण मात्र फारसे तापलेले नसते. त्यामुळे हीटसिंकला हात लावून ‘सगळे ठीक आहे’ म्हणणे या बाबतीत निरुपयोगी ठरते.

उष्णता साठायला वेळ लागतो, म्हणून पुष्कळ डेटाशीटवर एकाच आलेखात दहा मिलिसेकंद, एक मिलिसेकंद, शंभर मायक्रोसेकंद अशा वेगवेगळ्या पल्सच्या रेषा असतात. पल्स जितका छोटा तितकी रेषा वर सरकते. पण त्या रेषा सहसा एकट्या पल्ससाठी आणि आवरण २५ अंशांवर असताना काढलेल्या असतात. आवरण १०० अंशांवर गेले, की एमजे-१५००३चे २५० वॅट सुमारे १४३ वर येतात.

अॅम्प्लिफायरमध्ये हे कसे अडते ते पाहू. धन-ऋण ५० व्होल्टचा पुरवठा आणि ८ ओहमचा स्पीकर घेतला. तो निव्वळ रेझिस्टर असता, तर ट्रान्झिस्टरवर जास्तीत जास्त २५ व्होल्ट आणि सुमारे ३.१ अॅम्पिअर एकत्र आले असते, म्हणजे ७८ वॅट. पण स्पीकरमध्ये कॉइल आणि हलणारा पडदा असतो, त्यामुळे करंट व्होल्टेजच्या मागे पडू शकतो. तो ६० अंश मागे पडला, हे कडक पण चाचणीसाठी घेण्याजोगे उदाहरण, तर एका क्षणी ट्रान्झिस्टरवर ५० व्होल्ट आणि ५.४ अॅम्पिअर असतात. थोड्या वेळाने ७५ व्होल्ट आणि ३.१ अॅम्पिअर होतात. तिथे वॅट २३४च भरतात, म्हणजे अडीचशेच्या आतच. पण ५० आणि १०० व्होल्टचे दोन बिंदू सरळ रेषेने जोडले तर ७५ व्होल्टची मर्यादा दोन अॅम्पिअरच्या आसपास येते. खर्जाच्या स्वरात हे काही मिलिसेकंद चालते आणि प्रत्येक आवर्तनात पुन्हा घडते, त्यामुळे पल्सच्या सवलतीवर विसंबून राहता येत नाही.

म्हणून अशा ठिकाणी दोन ट्रान्झिस्टर समांतर लावतात. प्रत्येकाच्या एमिटरला ओहमच्या अंशाएवढा रेझिस्टर असतो, म्हणजे गरम ट्रान्झिस्टरने जास्त करंट ओढू लागताच त्या रेझिस्टरवरचे व्होल्टेज वाढून त्याला आवरते. आता ७५ व्होल्टला प्रत्येकाच्या वाट्याला दीड अॅम्पिअर येतो. आवरण थंड असेपर्यंत हे मर्यादेत बसते; हीटसिंक तापणार असेल तर तिसरा लावलेला बरा.

मॉसफेटला सेकंड ब्रेकडाउन होत नाही, असे एके काळी सर्रास सांगितले जाई. स्विच म्हणून वापरताना ते बऱ्याच अंशी टिकते. पण स्विचिंगसाठी बनवलेल्या आधुनिक मॉसफेटला अर्धवट चालू ठेवून कमी करंट आणि जास्त व्होल्टेजवर राबवले, की तापलेला भाग तिथेही जास्त करंट ओढतो. त्यांच्या एसओए आलेखात डीसीची रेषा दिलेलीच नसेल, तर तो ट्रान्झिस्टर अशा कामासाठी घेऊ नये.