चार हजार तासांचा हिशेब

यूट्यूबवर नवे चॅनेल काढणाऱ्या बहुतेकांना दोन आकडे तोंडपाठ असतात: एक हजार सबस्क्रायबर आणि चार हजार तास. एवढे जमले की जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळवण्यासाठी अर्ज करता येतो. जानेवारी 2018 मध्ये जाहीर झालेली ही अट आजही मुख्य आहे. त्याआधी एकूण दहा हजार व्ह्यूज पुरायचे. सबस्क्रायबरचा आकडा समोर दिसतो, त्यामुळे त्याबद्दल फारसा वाद होत नाही. गोंधळ होतो तो तासांचा.

एक काल्पनिक चॅनेल घेऊ, घरगुती पाककृतींचे. चालवणाऱ्या ताईंनी यूट्यूब स्टुडिओत Analytics उघडले आणि कालावधी 365 दिवसांचा केला, तर वॉच टाइम दिसला 4,350 तास. सबस्क्रायबर केव्हाच हजारापुढे गेलेले. मग अर्जाचे बटण का उघडत नाही? त्याच स्टुडिओतल्या Earn या पानावर मात्र आकडा आहे 3,180. दोन्ही आकडे खरे आहेत, पण ते वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. Analytics चॅनेलवर जे काही पाहिले गेले ते सगळे दाखवते. अटीसाठी धरले जातात ते फक्त ग्राह्य आणि सार्वजनिक तास, आणि ते Earn वरच दिसतात.

मधले 1,170 तास कुठे गेले? ताईंच्या बाबतीत 640 तास शॉर्ट्सच्या फीडमधून आले होते. शॉर्ट्स फीडमध्ये पाहिलेला वेळ चार हजारांत धरत नाहीत. आणखी 230 तास पैसे भरून केलेल्या जाहिरातीतून मिळाले होते, तेही बाद. उरलेले 300 तास जुन्या व्हिडिओंचे. सुरुवातीचे चित्रीकरण आता लाजिरवाणे वाटते म्हणून ताईंनी ते ‘अनलिस्टेड’ करून टाकले होते. व्हिडिओ प्रायव्हेट किंवा अनलिस्टेड केला, नाहीतर पुसून टाकला, की त्याचे तासही हिशेबातून जातात. लाइव्ह प्रक्षेपणालाही हाच नियम आहे: रेकॉर्डिंग सार्वजनिक ठेवले तरच ते तास धरतात. म्हणून उंबरठ्याजवळ आलेल्या चॅनेलने साफसफाईचा उत्साह जरा आवरावा, हे बरे.

दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. तासांची ही मोजणी सरकती असते: आज आणि मागचे 365 दिवस, एवढेच. व्हिडिओ किती जुना आहे याला महत्त्व नाही. तीन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ कुणी आज पाहिला तर तो वेळ आजच्या खात्यात जमा होतो. पण मागच्या वर्षी पाहिलेले तास दिवसागणिक गळत जातात. समजा, गेल्या गणेशोत्सवात उकडीच्या मोदकांच्या व्हिडिओने आठवडाभरात 900 तास दिले. यंदा त्या तारखा उलटल्या की हे 900 तास कमी होणार. यंदाही लोकांनी मोदक तेवढेच पाहिले तर भरपाई होईल, नाहीतर रोज नवे व्हिडिओ टाकूनही Earn वरचा आकडा मागे सरकताना दिसेल. त्या घसरणीला यूट्यूबची चूक समजून वैतागणारे पुष्कळ आहेत.

चार हजार तास म्हणजे 2,40,000 मिनिटे. एक प्रेक्षक सरासरी चार मिनिटे थांबत असेल, तर वर्षाला साठ हजार व्ह्यूज लागतात. दिवसाला साधारण 165. हे अशक्य नाही. शॉर्ट्सवरच भर असलेल्यांना दुसरा रस्ता आहे: हजार सबस्क्रायबर आणि 90 दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी ग्राह्य व्ह्यूज, म्हणजे रोज एक लाखाहून जास्त. छोट्या चॅनेलला तासांचाच रस्ता सोपा, असे आकडेच सांगतात.

2023 मध्ये एक खालची पायरीही आली. 500 सबस्क्रायबर, 90 दिवसांत तीन सार्वजनिक व्हिडिओ, आणि वर्षात 3,000 तास किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सचे 30 लाख व्ह्यूज. यातून चॅनेलची सशुल्क मेंबरशिप किंवा सुपर चॅटसारखी प्रेक्षकांकडून मिळणारी रक्कम सुरू होते. जाहिरातींचा वाटा मात्र नाही. त्यासाठी वरची पायरी चढावीच लागते.

व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘तुम्ही मला करा, मी तुम्हाला करतो’ अशी सबस्क्रायबरची देवाणघेवाण जोरात चालते. यूट्यूबच्या नियमांत हा बनाव ठरतो. असे सबस्क्रायबर किंवा विकत घेतलेले तास वगळले जातात आणि चॅनेलवर कारवाईही होऊ शकते.

Earn वर पात्र झाल्याचे कळवण्यासाठी सूचना मागण्याची सोय आहे. ती आधीच चालू करून ठेवावी. दोन्ही आकडे भरले की अर्ज लगेच करावा. अर्ज गेल्यावर सरकत्या मोजणीत तास पुन्हा चार हजारांखाली आले, तरी चॅनेल तपासणीच्या रांगेत कायम राहते. तपासणीला साधारण महिना लागतो.