रोख्याच्या दरात दडलेली बुडण्याची शक्यता

कंपनीचा रोखा 9 टक्के परतावा देत असेल आणि तेवढ्याच मुदतीचा सरकारी रोखा 7 टक्के, तर मधल्या 2 टक्क्यांना रोखेबाजारात स्प्रेड म्हणतात. रुपयात घेतलेले कर्ज सरकार फेडणारच, असे बाजार धरून चालतो. कंपनीबाबत तशी खात्री नसते. शिवाय 9 टक्के हा कंपनीने कबूल केलेला दर आहे, हातात पडेलच असा नव्हे. कंपनी पैसे बुडवण्याची किती शक्यता बाजाराने भावात धरली आहे, हे या फरकातून मागे मोजत जाऊन काढता येते.

हिशेब सोपा राहावा म्हणून दोन्ही रोखे एका वर्षाचे, मधे व्याज न देणारे आणि शेवटी 100 रुपये देणारे धरू. 9 टक्के दराने कंपनीच्या रोख्याचा आजचा भाव 91.74 रुपये होतो. हीच रक्कम सरकारी रोख्यात 7 टक्क्यांनी गुंतवली, तर वर्षाअखेर 98.17 रुपये बिनघोर मिळतात. म्हणजे कंपनीच्या 100 रुपयांच्या वचनाची किंमत बाजार खात्रीच्या 98.17 रुपयांइतकीच करतो. उरलेले 1.83 रुपये म्हणजे बुडिताची तजवीज.

कंपनी बुडाली तरी सगळेच पैसे जातात असे नाही. मालमत्ता विकून 100 पैकी 40 रुपये हाती येतील असे धरले, तर बुडल्यास तोटा 60 रुपयांचा. किती शक्यतेला 60 रुपयांच्या तोट्याची सरासरी 1.83 रुपये होते? 1.83 भागिले 60, म्हणजे 3 टक्क्यांच्या किंचित वर. घाईत असणारे सरळ स्प्रेडलाच तोट्याच्या प्रमाणाने भागतात: 2 भागिले 0.6, म्हणजे 3.3 टक्के. दर वर्षी 3 टक्के हेच प्रमाण कायम राहिले, तर पाच वर्षांत कधीतरी बुडण्याची शक्यता सुमारे 14 टक्के होते.

या हिशेबातला सर्वांत कच्चा आकडा वसुलीचा. 40 टक्के हा अनेक ठिकाणी रूढ झालेला अंदाज आहे. भाव तो सांगत नाही. काहीच वसूल होणार नाही असे धरले, तर तोच स्प्रेड 1.83 टक्के शक्यता दाखवतो आणि 60 टक्के वसुली धरली तर साडेचार टक्क्यांहून अधिक. एकट्या स्प्रेडवरून या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत.

अशा रीतीने काढलेल्या आकड्याला जोखीम-निरपेक्ष संभाव्यता म्हणतात. जोखमीची पर्वा नसलेला, फक्त सरासरी पाहणारा गुंतवणूकदार हा भाव देत असता, तर त्याने किती शक्यता धरली असती, ते हा आकडा सांगतो. असा गुंतवणूकदार प्रत्यक्षात विरळाच. कंपन्या बुडतात त्या बहुधा मंदीत आणि एकामागोमाग एक. नेमक्या तेव्हाच शेअरही पडलेले असतात आणि नोकऱ्याही जात असतात. अशा वेळच्या तोट्यासाठी लोक सरासरीहून जास्त मोबदला मागतात, जसा विम्याचा हप्ता सरासरी नुकसानीपेक्षा मोठा असतो. म्हणून हा आकडा पतमापन संस्थांच्या जुन्या नोंदींतल्या बुडण्याच्या प्रमाणापेक्षा सहसा मोठा येतो. उत्तम पतमानांकनाच्या रोख्यांत हा फरक कित्येक पटींचा असतो, कमी मानांकनाच्या रोख्यांत पटींच्या हिशेबाने बराच कमी. दुसऱ्या रोख्याचा भाव ठरवायला हा आकडा योग्य. हजार कर्जदारांपैकी खरोखर किती बुडतील, हे मोजायला तो वापरणे चूक.

स्प्रेडमध्ये आणखी एक भेसळ असते. कंपनीचा रोखा हवा तेव्हा विकता येत नाही आणि त्याचाही मोबदला दरात मिसळलेला असतो. सप्टेंबर 2018 मध्ये आयएल अँड एफएसच्या थकबाकीने बाजार धास्तावला असताना एका म्युच्युअल फंडाने डीएचएफएलचे अल्पमुदतीचे कर्जपत्र सुमारे 11 टक्के दराने विकले. डीएचएफएलला तेव्हा सर्वोच्च मानांकन होते. अल्पमुदतीचा सरकारी दर साडेसात टक्के आणि वसुली 40 टक्के धरली, तर वरच्या रीतीने वर्षाला 5 टक्क्यांहून थोडी अधिक शक्यता निघते. विकणाऱ्या फंडाने कारण रोकडीचे सांगितले, कंपनीच्या पतीचे नव्हे. त्या दिवशी कंपनीचा शेअर मात्र 40 टक्क्यांहून अधिक कोसळला आणि जून 2019 मध्ये तिने रोख्यांचे व्याज चुकवले. तरी त्या 11 टक्क्यांत भीती किती, रोकडीची निकड किती आणि बुडण्याचा खरा अंदाज किती, हे एका व्यवहारावरून ठरत नाही.

थोडा अंदाज तुलनेने येतो. त्याच काळात सगळ्याच कंपन्यांचे स्प्रेड एकत्र रुंदावले असतील, तर दोष बहुतेक बाजारातल्या रोकडटंचाईचा किंवा एकूण भीतीचा. एकाच कंपनीचा स्प्रेड समान मानांकनाच्या इतरांना सोडून वर चढत असेल आणि रोज बऱ्यापैकी व्यवहार होऊनही तिथेच टिकत असेल, तर तो त्या कंपनीबद्दलच काही सांगतो आहे. महिन्यातून एखाद्याच सौद्यात दिसणाऱ्या दरावरून शक्यता दशांशापर्यंत काढणे मात्र व्यर्थ आहे.