निरोप जाण्याआधीच पक्की झालेली ऑर्डर

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टर्किश टॉवेलचा व्यवसाय करणाऱ्या एका कार्यालयात मला वाद मिटवायला बोलावलं होतं. हुबळीच्या एका व्यापाऱ्याचं म्हणणं होतं की, त्यानं ४० डझनांची ऑर्डर पक्की केलीच नव्हती. भाव विचारून तो विचार करत होता. मालकांच्या संगणकावर मात्र ती ऑर्डर हिरव्या रंगात ‘पक्की’ दिसत होती आणि मालही बांधून झाला होता. संशय आला तो ऑर्डर घेणाऱ्या कारकुनावर. पक्की झाल्याची नोंद त्यांच्याच कार्यालयाच्या इंटरनेट पत्त्यावरून झाली होती. “त्यानंच दाबलंय बघा,” असं मालक ठामपणे म्हणाले. कारकून एवढंच सांगत राहिला, “मालक, मी फक्त लिंक चिकटवली, बाकी काय केलं नाय.”

तो खरं बोलत होता आणि त्याचा पुरावा सर्व्हरच्या नोंदवहीत होता. तिथल्या दोन ओळी अशा होत्या. क्रमांक बदलून आणि ओळी थोड्या छाटून देतो:

```
11:42:07 GET /confirm?id=1187 200 "WhatsApp/2.23.20.0 A"
12:15:40 GET /confirm?id=1187 200 "Mozilla/5.0 (Linux; Android 10; K)..."
```

प्रत्येक ओळीच्या शेवटी, अवतरणचिन्हांत, विनंती कुणी केली ते लिहिलेलं असतं. पहिल्या ओळीत तिथे ब्राउझर नाही, व्हॉट्सॲप आहे. शेवटचा `A` अँड्रॉइड फोनचा. आपण व्हॉट्सॲपमध्ये लिंक चिकटवली की खाली छोटी चौकट येते, तिच्यात पानाचं शीर्षक असतं, कधी चित्रही. ती चौकट भरण्यासाठी पाठवणाऱ्याचा फोन ते पान स्वतः उघडून वाचतो, आणि हे निरोप धाडण्याआधीच घडतं. म्हणून पत्ता कार्यालयाचा निघाला. कारकुनानं लिंक चिकटवली, फोननं चौकटीसाठी पान मागितलं आणि पान मागताक्षणी सर्व्हरनं ऑर्डर पक्की केली. व्यापाऱ्यानं लिंक उघडली ती अर्ध्या तासानंतर, दुसऱ्या ओळीत. त्याला आयतं ‘आपली ऑर्डर पक्की झाली आहे’ असं पान दिसलं आणि तिथून भांडण सुरू झालं.

दोष फोनचाही नाही. वेबच्या संकेतांत विनंतीचे वेगवेगळे प्रकार ठरलेले आहेत आणि `GET` म्हणजे ‘दाखवा’. दुकानदाराला चादर उलगडून दाखवा म्हटलं म्हणजे ती घेतली असं होत नाही, तसंच हे. मे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी १९४५ या दस्तऐवजातच `GET` आणि `HEAD` यांना सुरक्षित पद्धती म्हटलं आहे आणि त्यांनी माहिती आणण्यापलीकडे काही करू नये असा संकेत नोंदवला आहे. आज लागू असलेल्या जून २०२२ च्या आरएफसी ९११० मध्येही ते टिकून आहे. या भरवशावरच वेबची निम्मी यंत्रणा उभी आहे. शोधयंत्राचे क्रॉलर दिसेल ती लिंक उघडत जातात, ब्राउझर तुम्ही कुठे बोट ठेवाल याचा अंदाज घेऊन पानं आधीच आणून ठेवतात, व्हॉट्सॲप चौकट भरतो. हे सगळे ‘पाहिल्यानं काही बिघडत नाही’ असं धरून चालतात. ज्यानं `/confirm` या पत्त्यामागे पाहताक्षणी व्यवहार करणारं काम ठेवलं, त्यानं तो भरवसा मोडला.

या चुकीची सर्वांत गाजलेली शिक्षा मे २००५ मध्ये दिसली. गूगलनं ‘वेब ॲक्सिलरेटर’ नावाचं एक साधन काढलं. लोकांच्या संगणकावर बसून ते उघडलेल्या पानावरच्या लिंका आधीच मागवून ठेवायचं, म्हणजे पुढचं पान झटकन दिसावं. त्याच सुमारास ३७सिग्नल्स या कंपनीचं ‘बॅकपॅक’ नवं बाजारात आलं होतं. त्यात मजकूर काढून टाकण्यासाठी साध्या लिंका होत्या. वापरणारा आत शिरलेला, म्हणजे त्याच्या ओळखीची कुकी प्रत्येक विनंतीसोबत जाणार. ॲक्सिलरेटरनं त्या लिंका मागवल्या आणि लोकांची टिपणं न विचारता पुसली गेली. ‘नक्की काढायचं का?’ असं विचारणारी चौकट होती, पण ती जावास्क्रिप्टची. बोट ठेवल्यावर उघडणारी चौकट, बोटच न ठेवणाऱ्याला कशी अडवणार? तेव्हा बराच राग गूगलवर निघाला. माझं मत स्पष्ट आहे: साधन घाईनं आणलं असेल, पण पुसण्याचं काम लिंकमागे ठेवणं हा मूळ दोष होता. ते साधन २००८ मध्ये बंद झालं. आधीच पान आणून ठेवण्याची सवय मात्र ब्राउझरांत आता कायमची आहे.

टॉवेलच्या कार्यालयात आणखी एक गोष्ट निघाली आणि ती मला जास्त गंभीर वाटली. ऑर्डर पक्की होताना त्याच पानामागे गोदामातला साठाही कमी होत होता. साठ्याचा आकडा आणि प्रत्यक्ष गठ्ठे जुळत नाहीत ही तक्रार तिथे जुनीच होती. ती माणसांच्या मोजणीवर ढकलली जायची. नोंदवही पुढे वाचली तेव्हा ११८७ साठी तीच विनंती दुपारी पुन्हा दोनदा आलेली दिसली, दोन्ही वेळा व्यापाऱ्याच्याच फोनवरून. त्यानं दोनदा दाबलं नव्हतं. अँड्रॉइडवर मेमरी कमी पडली की मागे पडलेली टॅब क्रोम सोडून देतो आणि माणूस परत तिथे आला की पान नव्यानं मागवतो. `GET` असल्यानं ब्राउझर कुणाला काही विचारत नाही. `POST` असतं तर पुन्हा पाठवू का म्हणून अडला असता. जोडणी मध्येच तुटली तरी ब्राउझर `GET` आपणहून परत करून बघू शकतो, कारण संकेताप्रमाणे त्यानं काही बिघडायचं नसतं. इथे प्रत्येक खेपेला ४० डझन वजा होत गेले. एकूण चार विनंत्या, म्हणजे साठ्यातून १६० डझन कमी, आणि गोदामातून प्रत्यक्षात एकही गठ्ठा हललेला नाही.

मालकांच्या ओळखीच्या एका तरुण प्रोग्रामरनं यावर लगेच उपाय सुचवला की, ‘WhatsApp’ नावानं येणारी विनंती सोडून द्यायची. मी त्याला एक दुसरी नोंद दाखवली. याच कार्यालयाचे परदेशातले काही ग्राहक ईमेलवर लिंक घेतात. मोठ्या कंपन्यांत येणारं टपाल आधी सुरक्षा तपासणीतून जातं आणि ती तपासणी मजकुरातल्या लिंका उघडून बघते. फसवी संकेतस्थळं तपासणीपासून लपू नयेत म्हणून ती नेहमीच्या ब्राउझरचं नाव सांगते. नाव बघून गाळण्याचा उपाय तिथे संपला. अशी विनंती ओळखायची तर वेळ बघावी लागते: ईमेल निघाल्यावर काही सेकंदांत, एखाद्या डेटा सेंटरच्या पत्त्यावरून आलेली ‘मंजुरी’ माणसाची नसण्याचीच शक्यता जास्त. पण यातून शंका येते, खात्री होत नाही.

हीच अडचण ईमेलमधल्या ‘सदस्यत्व रद्द करा’ लिंकांना आली होती. तपासणी करणारी यंत्रणा लिंक उघडायची आणि वाचकाचं नाव यादीतून जायचं. त्यावर जानेवारी २०१७ मध्ये आरएफसी ८०५८ आला. त्यात एका दाबण्यात रद्द करण्याची सोय आहे, पण ती विनंती `POST` नंच पाठवायची. लिंक कुणीही कितीदा उघडली तरी यादीला धक्का नाही.

आम्हीही तेच केलं. लिंक उघडली की आता फक्त ऑर्डर दिसते: माल, डझन, भाव, वाहतूक. खाली ‘ऑर्डर पक्की करा’ असं बटण आहे आणि ते दाबल्यावर `POST` जातं. पान उघडताच जावास्क्रिप्टनं ते बटण आपोआप दाबायचं, असा आडमार्ग काही जण काढतात. तो घेऊ नये, कारण काही तपासण्या जावास्क्रिप्टही चालवतात. बटण दोनदा दाबलं गेलं तर काय, यासाठी डेटाबेसला अट घातली:

```sql
UPDATE orders SET status = 'confirmed'
WHERE id = 1187 AND status = 'pending';
```

या आज्ञेनं एक ओळ बदलली तरच, त्याच व्यवहारात, साठा वजा होतो. दुसऱ्या खेपेला बदललेल्या ओळी शून्य येतात आणि साठ्याला हात लागत नाही. काम झाल्यावर सर्व्हर `303` उत्तर देऊन ग्राहकाला साध्या ‘पक्की झाली’ पानावर नेतो. ते पान `GET` नं येतं, म्हणून टॅब कितीदाही नव्यानं मागवली तरी चालते. जाता जाता लिंकमधला `1187` ही काढला आणि अंदाज न येणारी लांब अक्षरं घातली. नाहीतर आकडा बदलून कुणीही दुसऱ्याची ऑर्डर उघडली असती.

मालकांची एकच तक्रार उरली: ग्राहकाला एकदा जास्त दाबावं लागतं. ते खरं आहे. पण त्या दाबण्यामुळेच ग्राहकानं होकार दिला असं आता म्हणता येतं. आधीच्या नोंदीवरून फार तर कुणीतरी पान मागितलं एवढंच सिद्ध होत होतं.

‘सुरक्षित’ म्हणजे सर्व्हरवर काहीच बदलता कामा नये, असा अर्थ मात्र कुणी घेऊ नये. पान पाहिल्याची नोंद होणं, पाहणाऱ्यांचा आकडा वाढणं यात गैर नाही. पाहणाऱ्यानं ते मागितलेलं नसतं आणि त्याचा बोजाही त्याच्यावर पडत नाही. होकार, साठा, पैसे, पुसणं या गोष्टी त्यात येत नाहीत.

अशी ठिकाणं शोधायची एक सोपी रीत इथे सांगून ठेवतो. चाचणीच्या सर्व्हरवर डेटाबेस केवळ वाचण्यापुरता ठेवायचा. पोस्टग्रेससाठी ती आज्ञा अशी:

```sql
SET default_transaction_read_only = on;
```

प्रत्येक नव्या जोडणीला ती आधी द्यायची आणि मग सगळी `GET` पानं एकेक करून उघडायची. जे पान लिहायला जाईल ते `cannot execute UPDATE in a read-only transaction` असं म्हणत पडेल. पाहणाऱ्यांचा आकडा वाढवणारी पानंही पडतील, ती बाजूला काढायची. उरलेली दुरुस्त करायची. या कार्यालयात अशी आणखी तीन पानं सापडली. त्यातलं एक ‘बिल रद्द’ होतं आणि त्याला आत शिरण्याचीही अट नव्हती. एखाद्या क्रॉलरच्या हाती तो पत्ता लागला असता तर बिलं रद्द होत गेली असती. `robots.txt` मध्ये नको म्हटलं असतं तरी ती विनंतीच असते. पाळायची की नाही हे समोरचा ठरवतो.

तुमच्या दुकानाचं, पतसंस्थेचं किंवा शाळेचं सॉफ्टवेअर ग्राहकांना मंजुरीची लिंक पाठवत असेल, तर ती आधी स्वतःला व्हॉट्सॲपवर चिकटवून बघा. निरोप धाडू नका, लिंक उघडू नका, फक्त चौकट दिसेपर्यंत थांबा. मग नोंद तपासा. मंजुरी लागलेली दिसली, तर सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला आजच बोलावा आणि बटण मागून घ्या.