जुलाबाचं बाळ आणि पाच गुणांचा केअर प्लॅन

नर्सिंगच्या परीक्षेत एक प्रश्न वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा येतो. चौदा महिन्यांचं बाळ, वजन 10 किलो. दोन दिवसांपासून पातळ जुलाब, सकाळपासून सात-आठ वेळा झाले, दोनदा उलटी. आई सांगते की बाळ चिडचिड करतंय, पाणी दिसलं की वाटीवर झडप घालतंय आणि सकाळपासून लघवी फारच थोडी झाली आहे. तपासणीत डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली की हळूहळू पूर्ववत होते. या बाळासाठी नर्सिंग केअर प्लॅन लिहा.

अनेक विद्यार्थी प्रश्न वाचून होण्याआधीच पानावर पाच रकाने आखतात, कारण नर्सिंग प्रोसेसच्या पायऱ्या तोंडपाठ असतात: माहिती गोळा करणं, नर्सिंग डायग्नोसिस, नियोजन, अंमलबजावणी आणि मूल्यमापन. रकाने भरतातही. पण पहिल्या रकान्यातल्या कोरड्या जिभेचं पुढे काय झालं, हे शेवटच्या रकान्यात कुठेच सापडत नाही. गुण जातात ते बहुतेक इथेच.

या पायऱ्या आयत्या घडून आलेल्या नाहीत. इडा जीन ऑरलँडो या अमेरिकन परिचारिकेने 1961 साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात एक साधी गोष्ट ठामपणे मांडली. रुग्णाच्या वागण्याचा परिचारिकेने लावलेला अर्थ बरोबर आहे का, हे रुग्णाकडूनच पडताळून घ्यावं आणि मगच कृती करावी. कृतीनंतर रुग्णाला बरं वाटलं का, तेही पाहावं. 1967 मध्ये युरा आणि वॉल्श यांनी ही प्रक्रिया चार पायऱ्यांत बसवली आणि पुढे निदानाची पायरी वेगळी होऊन त्या पाच झाल्या. पडताळणीचा आग्रह मात्र मुळातलाच आहे. केअर प्लॅनकडे त्या नजरेने पाहिलं की कोणत्या रकान्यात काय लिहायचं ते आपोआप स्पष्ट होतं.

पहिल्या पायरीत माहितीचे दोन भाग करावेत. आईने सांगितलेलं एका बाजूला: जुलाब किती वेळा, उलटी किती वेळा, लघवी कधी झाली. परिचारिकेने स्वतः पाहिलेलं आणि मोजलेलं दुसऱ्या बाजूला: वजन, डोळे, जीभ, चिमटीची खूण, पाणी पिण्याची धडपड. बाळ बोलत नाही, म्हणून आईचं सांगणं हीच त्याची तक्रार समजायची. प्रश्नात दिलेलं नसलेलं काहीही इथे घुसडू नये. ताप दिलेला नसेल तर ताप लिहायचा नाही.

सगळ्यात जास्त घसरण होते ती दुसऱ्या पायरीवर. ‘ॲक्यूट गॅस्ट्रोएन्टेरायटिस’ असं लिहून विद्यार्थी पुढे जातो. तो डॉक्टरांचा निष्कर्ष झाला, आजाराचं नाव झालं. परिचारिकेला हवी असते अशी अडचण, जिच्यावर ती स्वतः काम करू शकेल. या बाळाच्या शरीरातलं पाणी कमी झालं आहे, ही ती अडचण. म्हणून वाक्य तीन भागांत लिहायचं. अडचण, तिचं कारण, आणि ती असल्याचा पुरावा. ‘शरीरातील द्रव कमी होणे, वारंवार पातळ जुलाब आणि उलटीशी संबंधित, खोल गेलेले डोळे, कोरडी जीभ, हळू पूर्ववत होणारी त्वचा आणि कमी झालेली लघवी यांवरून दिसून येते.’ अडचण अजून उद्भवलेली नसेल, फक्त धोका असेल, तर तिसरा भाग येत नाही. जुलाबांमुळे लंगोटाखालची कातडी सोलवटण्याचा धोका असाच आहे. लाली दिसत नसताना लाली पुरावा म्हणून लिहिली, तर धोका आणि दुखणं यांची गल्लत होते.

याच बाळाला पोषणाचा प्रश्न आहे आणि आईला माहितीही हवी आहे. पण पाच गुणांच्या उत्तरात चार अडचणी अर्धवट लिहिण्यापेक्षा एकच शेवटापर्यंत न्यावी. पाण्याची तूट आधी, कारण काही तासांत जिवावर बेतू शकेल अशी तीच आहे.

उद्दिष्ट रुग्णाचं असतं, परिचारिकेचं नाही. ‘बाळाला ओआरएस देणे’ ही कृती झाली. ‘द्रवाचे प्रमाण सुधारेल’ हे तपासताच येत नाही. त्याऐवजी दुसऱ्या पायरीतला पुरावाच उलटा करून लिहावा आणि सोबत वेळ द्यावी: 4 तासांत चिमटीतून सोडलेली त्वचा लगेच पूर्ववत होईल, जीभ ओली होईल, डोळे खोल दिसणार नाहीत आणि लघवी तासाला किमान 10 मिलिलिटर होईल. लघवीचा हा आकडा किलोमागे तासाला एक मिलिलिटर या हिशोबातून येतो.

आता कृती. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनुसार मध्यम स्वरूपाच्या निर्जलीकरणात किलोमागे 75 मिलिलिटर ओआरएस 4 तासांत द्यायचं. म्हणजे या बाळाला 750 मिलिलिटर. ‘भरपूर पाणी पाजा’ या वाक्यात हा आकडा नसतो, म्हणून परीक्षकाच्या दृष्टीने ते वाक्य रिकामं ठरतं. एक किंवा दोन मिनिटांनी एक चमचा, आणि उलटी झाली तर 10 मिनिटं थांबून आणखी सावकाश. प्रत्येक कृतीशेजारी तिचं कारण लिहायचं: थोडं थोडं दिलं की पोटात टिकतं. स्तनपान चालू ठेवायचं, कारण त्यातून द्रव आणि पोषण दोन्ही मिळतं. लंगोट कोरडा असताना आणि भिजल्यावर वजन करायचा, कारण एक ग्रॅम फरक म्हणजे साधारण एक मिलिलिटर. लघवी आणि जुलाब एकत्र आले असतील तर तसंच नोंदवावं, अंदाजाने लघवीचा आकडा टाकू नये.

दर तासाला बाळ पाहायचं, आणि काय दिसलं तर काय करायचं तेही योजनेत असावं. बाळ सुस्त झालं, पिईनासं झालं, कातडी दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ तशीच उभी राहिली, तर डॉक्टरांना ताबडतोब कळवायचं. शिरेतून द्रव द्यावं लागेल. पापण्या सुजलेल्या दिसल्या तर ओआरएस थांबवायचं, कारण पाणी जास्त झालं आहे. झिंक हे डॉक्टरांच्या आदेशाने देण्याच्या कृतींत लिहावं, परिचारिकेने स्वतः ठरवलेल्या कृतींत नाही. हा फरक दाखवणारं उत्तर वेगळं उठून दिसतं.

मूल्यमापनात ‘उद्दिष्ट साध्य झाले’ एवढं लिहिणं पुरेसं नाही. समजा 4 तासांनी बाळाने 750 पैकी 680 मिलिलिटर घेतलं, एकदा उलटी झाली, त्वचा लगेच पूर्ववत होते, जीभ ओली आहे, लघवी 45 मिलिलिटर झाली, पण डोळे अजून किंचित खोल आहेत. मग ‘उद्दिष्ट अंशतः साध्य’ असं लिहून हीच निरीक्षणं पुढे मांडायची आणि योजना बदलायची: आता प्रत्येक जुलाबानंतर 50 ते 100 मिलिलिटर ओआरएस, डोळ्यांची पुन्हा तपासणी, आणि घरी जाण्याआधी आईने स्वतःच्या हाताने एक लिटर पिण्याच्या पाण्यात ओआरएसचं एक पाकीट विरघळवून दाखवणं.